राघो मिस्त्रीचं 'आपण'

राघो मिस्त्री ओळखीच्या कोणाला 'तुम्ही' म्हणाला की समजायचं, त्या माणसाचं काहीतरी बिनसलंय. आणि 'आपण' म्हणाला, तर त्या माणसाने सरळ डबा उचलावा आणि घर गाठावं. भिवंडीच्या आमच्या कामतघर भागात हे सगळ्यांना माहीत आहे. नवीन आलेल्याला मी स्वतः सांगते, कारण माझं फॉल-पिकोचं दुकान त्याच्या दुकानासमोरच आहे आणि त्याच्या रागाचा पहिला तमाशा मलाच दिसतो. तमाशा म्हणजे काय, तर काहीच नाही. माणूस ओरडत नाही, शिव्या देत नाही, पाना फेकत नाही. फक्त आवाज खाली येतो आणि बोलणं वर जातं.

मूळचा तो दिघाशी गावचा. तिकडे बापाला तू, काकाला तू, सरपंचालाही तूच. "काय करतंस रं, जेवलास का न्हाय?" हे ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यालाही विचारतात आणि म्हातारा खूश होतो. राघोदादा भिवंडीत आला, पॉवरलूम दुरुस्तीचं काम शिकला, शेटलोकांच्या ऑफिसात उठबस झाली, तिथे 'तुम्ही' शिकला, 'आप' शिकला. पण ती भाषा त्याला शेटलोकांनी झापताना ऐकायला मिळाली. सुपरवायझर हाकलून द्यायचा तेव्हा म्हणायचा, "आप कल से मत आइए." तेव्हापासून त्याच्या डोक्यात जे बसलं ते बसलं. आपल्या माणसाला तू. अनोळखी गिऱ्हाईकाला तुम्ही, तो धंद्याचा रिवाज. आणि जो आपला होता पण मनातून उतरला, त्याला आपण.

मला तो "मेघे" म्हणतो, मी त्याला "दादा, तू". शांतावहिनी, त्याची बायको, ती मात्र त्याला तुम्ही म्हणते. ते बायकोचं तुम्ही, त्याचा हिशोब वेगळा, त्यात राग नाही. आणि मिथुन, त्यांचा एकुलता एक, तो बापाला तूच म्हणायचा. "आबा, तू गप बस", "आबा, तुला काय कळतं", असं चारचौघांत. माझ्या दुकानात आलेल्या बायका नाकं मुरडायच्या, काय वळण लावलंय म्हणायच्या. राघोदादाला त्याचं काडीचं वाईट वाटायचं नाही. उलट पोराने तू म्हटलं की गडी फुलायचा.

तर या मिथुनचं आणि बापाचं फाटलं. कारण म्हणाल तर एवढंसं. मिथुन बापाच्या हाताखाली होता, पण त्याला लूमच्या कामात रस नव्हता. त्याला दापोड्याच्या गोडाऊनमध्ये ड्युटी हवी होती, कॉम्प्युटरवर मालाची नोंद ठेवायची, पंख्याखाली बसून. एका कारखान्यात दुरुस्तीसाठी लूम उघडा करून ठेवला आणि हा मुलाखतीला निघून गेला, बापाला न सांगता. तिकडे शेट आला, उघडा लूम बघितला आणि अख्ख्या शेडसमोर राघोदादाला नको नको ते बोलला. राघोदादाच्या कामाला तोवर कोणी नाव ठेवलं नव्हतं. तो सगळं ऐकून घेऊन घरी आला.

संध्याकाळी मिथुन पेढे घेऊन आला. नोकरी लागली होती. मी तेव्हा तिथेच होते, वहिनीच्या ब्लाउजचं माप घेत होते. राघोदादा खुर्चीतून उठला नाही. पेढ्याकडे बघितलंही नाही. म्हणाला, "आपण मोठे झालात. आता आपली सोय आपण बघावी."

वहिनी म्हणाली, अहो, असं काय बोलता. मिथुनने पेढ्याचा बॉक्स टीव्हीवर ठेवला. त्याचा चेहरा असा झाला की मला टेप गुंडाळून निघावं लागलं. दुसऱ्या कोणाच्या घरात 'आपण' म्हटलं असतं तर पोरगा हसला असता. या घरात पोराला त्याचा अर्थ लहानपणापासून ठाऊक होता. बाप कामगाराला 'आपण' म्हणाला की तो कामगार परत दिसायचा नाही, हे त्याने बघितलं होतं. तो कपडे घेऊन गेला. पुढे दापोड्याहून कंपनीने नागपूरच्या बाजूला पाठवला एवढं कळलं, तेही राघोदादाच्या भाचीकडून, संघरत्नाकडून, कारण ती त्याच गोडाऊनमध्ये कामाला आहे. नंबर बदलला. बाप विचारेना, पोरगा कळवेना. दोघं एकाच मातीचे. वहिनीची मधल्या मधे जी चटणी झाली तिची कोणाला पडली होती?

वर्षं गेली. वहिनी रोज माझ्याकडे येऊन बसायची. सुईत दोरा ओवून द्यायची, आणि मधेच म्हणायची, मिथुनला लाल भोपळा आवडायचा. मी म्हणायचे, वहिनी, मग पाठवा ना निरोप संघरत्नाकडून. ती म्हणायची, यांनी बोलावल्याशिवाय तो यायचा नाही, आणि यांनी नाही म्हटलंय. मला असा संताप यायचा! घरात एवढीशी दोन माणसं आणि त्यांच्या मधे एवढा मोठा मान.

मग तो मेसेज आला. दुपार टळली होती. लाइट गेलेली, लूम बंद, सगळ्या गल्लीत कसं कानाला चुकल्यासारखं वाटत होतं. राघोदादा ओट्यावर बसला होता, वहिनी आणि मी माझ्या पायरीवर. फोन वाजला. राघोदादाचा नंबर शटरवर रंगवलेला आहे, मोठ्या आकड्यांत, त्यामुळे त्याला दिवसभर अनोळखी लोकांचे मेसेज येतात आणि त्यातले अर्धे अर्धवटच असतात. लूम बंद, लवकर. पट्टा तुटला, या. याचंही त्याला काही वाटलं नसतं. पण त्याने वाचलं आणि फोन वहिनीकडे केला.

अनोळखी नंबर. फोटो नाही, नाव नाही. लिहिलं होतं, "दुकान चालू आहे का? यायचं होतं, पण".

बस. पुढे काही नाही.

वहिनी म्हणाली, मिथुन आहे. मी म्हटलं, वहिनी, कशावरून? कोणीही असेल. आणि खरंच, त्या ओळीवरून काही कळण्यासारखं नव्हतं. लिहिणारा बाई आहे की पुरुष, तेही नाही. 'तू' नाही, 'तुम्ही' नाही. गिऱ्हाईक असतं तर आपण सहज लिहितो ना, तुमचं दुकान चालू आहे का. इथे 'तुमचं'ही नाही आणि 'तुझं'ही नाही. मला तेव्हाच वाटलं की हा माणूस दोन्ही शब्द टाळून मधल्या बोळातून निघालाय. गिऱ्हाईकाला कशाला टाळावं लागेल? आणि ते मी मनात ठेवलं नाही, बोलले. राघोदादा म्हणाला, मेघे, तू शिवणकाम कर.

त्याने फोन लावला. रिंग गेली आणि तिकडून कापला. परत लावला, परत कापला. म्हणजे आता लिहूनच विचारावं लागणार होतं की बाबा, तुझं बोलणं पूर्ण कर. आणि 'तुझं' लिहायचं की 'तुमचं', इथेच सगळं अडलं.

वहिनी म्हणाली, 'तू' लिहा. मिथुन असला तर त्याला कळेल. दुसरा कोणी असला तर माफी मागू, त्यात काय एवढं. राघोदादा म्हणाला, अनोळखी माणसाला अरे-तुरे करतात का? त्याचं म्हणणं चूक होतं असं नाही. मागेच त्याने एका अर्धवट मेसेजला घाईत "काय पायजे तुला" असं पाठवलं होतं, आणि ती निघाली एका कारखान्याची नवीन मॅनेजर, रीमा मॅडम. तिने त्याला असा धुतला की ते काम गेलं. शिवाय 'तू' लिहिलं की 'लिहीत होतास' की 'लिहीत होतीस', ही वेगळीच पंचाईत. 'तुम्ही' लिहिलं की निदान ती झाकून जाते. म्हणून मी म्हटलं, दादा, मग साधं 'तुम्ही' लिही. तू सगळ्या गिऱ्हाइकांना लिहितोस तसं. त्याने मानेनेच नाही म्हटलं. मी म्हटलं, बरं, तेही नको. त्याने जसं टाळलंय तसं तूही टाळ. नुसतं लिही, 'चालू आहे. पुढे काय?' कोणी असो, कोणाचा अपमान नाही.

एवढी सोपी वाट होती. पण तो म्हणाला, असं तुटक कोण लिहितं, भिकाऱ्याला हाकलल्यासारखं.

हातांना ऑइल असतं म्हणून राघोदादा टाइप करत नाही, फोनला तोंड लावून बोलतो आणि फोन लिहून घेतो. त्याने फोन तोंडाशी नेला. वहिनीने त्याच्या मनगटावर हात ठेवला. "अहो, एकदा 'तू' म्हणा," ती म्हणाली. "माझ्यासाठी म्हणा."

तो तिच्याकडे बघतही नव्हता. मी त्याचं तोंड बघितलं आणि मला कळलं की याला मनातून पक्कं ठाऊक आहे हा कोण आहे. गिऱ्हाईक असेल ही शंका त्याला नव्हतीच. त्याला फक्त पहिला वाकायचं नव्हतं. पोराने आधी नाव सांगावं, आबा मी मिथुन म्हणावं, मग हा तू म्हणणार. सभ्यपणाच्या आड राग लपवायची एवढी चांगली सोय परत मिळाली नसती.

तो फोनला म्हणाला, "आपण कोण? आपला मेसेज अर्धा आला आहे. कृपया पूर्ण करावा."

गेला मेसेज. लगेच वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. वर 'टायपिंग' दिसायला लागलं. थांबलं. परत दिसलं. आम्ही तिघं त्या एवढ्याशा काचेवर डोकं घालून. वहिनीचा श्वास मला ऐकू येत होता. मग उत्तर आलं, "चुकून आला. माफ करा."

राघोदादा म्हणाला, बघ, होता ना अनोळखी. 'तू' म्हटलं असतं तर कसं दिसलं असतं? त्याने फोन खिशात घातला आणि शटरला तेल लावत बसला. वहिनी माझ्या पायरीवरून उठली, घरात गेली. त्यानंतर ती मिथुनचं नाव माझ्याकडे काढेनाशी झाली. मला तेच जास्त लागायचं. लाल भोपळ्याचं बोलणं संपलं तसं आमचं बसणंही कमी झालं.

पुढच्या उन्हाळ्यात वहिनी मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. या वेळी संघरत्नाने कोणाला विचारलं नाही, सरळ कंपनीतून नंबर काढून मिथुनला फोन केला. शाबास तिची. आणि मिथुन आला. मी डबा घेऊन गेले होते तेव्हा तो आईच्या कॉटजवळ बसला होता. अंगाने भरला होता, शर्ट इस्त्रीचा, केस मागे सारलेले. आईचे पाय चेपत होता आणि बडबड चालली होती. "आई, तू गोळी घेतलीस का? तू ऐकत का नाहीस गं कोणाचं? सोलून देऊ का मोसंबी तुला?" वहिनीचा चेहरा इतका उजळला होता की ऑपरेशन तिचं झालंय असं वाटू नये.

राघोदादा दारात उभा होता. आत यायला धजत नव्हता. मिथुनने बघितलं, उठला, खाली वाकून बापाच्या पायाला हात लावला आणि खुर्ची पुढे केली.

"तुम्ही बसा ना," तो म्हणाला. "तुम्ही जेवलात का?"

बाजूच्या कॉटवरची बाई तिच्या सुनेला म्हणाली, बघ, काय संस्कार आहेत, बापाशी कसा आदराने बोलतो. राघोदादा बसला. जेवलो म्हणाला. खोटं बोलला, त्याचा डबा माझ्या हातात होता.

मग मिथुन म्हणाला, माझा नंबर घेऊन ठेवा, रात्री काही लागलं तर. राघोदादाने फोन माझ्याकडे दिला, मेघे तू टाक म्हणाला. मिथुन आकडे सांगत गेला, मी टाकत गेले. शेवटचा आकडा टाकला आणि खाली जुनं बोलणं आपोआप उघडलं. दुकान चालू आहे का. आपण कोण. चुकून आला, माफ करा.

मी फोन पालथा घालणार होते, पण राघोदादाने बघितलं. मिथुननेही बघितलं. वहिनीला दिसलं नाही, पण तिला दिसायची गरज नव्हती, तिला आधीपासून माहीत होतं.

राघोदादाने विचारलं, "कुठं होतास रं तवा?" इतक्या वर्षांनी 'होतास' म्हणाला.

"नाक्यावर," मिथुन म्हणाला. "रिक्षा स्टँडला. यायचं म्हणून निघालो होतो, पण पाय उचलेना. म्हटलं, आधी विचारावं. पुढे काय लिहायचं ते सुचेना आणि बोट लागून तेवढंच गेलं. तुमचा फोन आला, पण बोलायची हिंमत नव्हती. म्हटलं, मेसेज येईल, त्यात 'तू' असेल तर जायचं." त्याने आईची चादर नीट केली. "जाऊ द्या. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

नाका आमच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर आहे. वहिनी उठून चार पावलं गेली असती तर तिला पोरगा दिसला असता. ती पायरीवर बसून मेसेजवर डोळे लावून होती आणि तो तिकडे त्याच मेसेजवर डोळे लावून होता. मला त्या हॉस्पिटलात सगळ्यांना धरून हलवावंसं वाटलं. पण हलवून काय होणार होतं, म्हणून मी डबा उघडला आणि ताट वाढलं.

मिथुन वहिनी चालायला लागेपर्यंत राहिला. सगळं केलं त्याने. बिलाचं बघितलं, मोरीत पकडायला दांडी बसवून घेतली, बापाला नवीन चष्मा आणला. राघोदादा त्याच्याशी धरून धरून तू बोलायचा. "तू बस, तू खा, तू असं कर रं." पोरगा हसून हो म्हणायचा. "हो, तुम्ही सांगाल तसं." गल्लीतल्या बायका, ज्या एके काळी नाकं मुरडायच्या, त्या आता म्हणायच्या, बाहेर राहून पोरगा सुधारला. राघोदादा ऐकायचा आणि मान हलवायचा. एकदा मला म्हणाला, मेघे, त्याला सांग ना तू, मला 'तू' म्हणायला. मी म्हटलं, दादा, हे सांगून म्हणायचं असतं का? तो म्हणाला, न्हाय, ते खरं हाय.

मिथुन परत गेला. दर रविवारी त्याचा फोन येतो. पहिलं बोलणं आईशी, ती आता परत माझ्या पायरीवर येऊन बसते आणि फोन कानाला लावून तासभर हसते. मग तो तिला म्हणतो, त्यांना दे जरा. मग बापाला, तुमची तब्येत कशी आहे, पाठ दुखते का, दुकान कसं चाललंय. सगळं विचारतो. ह्यापेक्षा जास्त पोरगा काय करणार? काही कमी नाही करत तो.

परवा राघोदादा माझ्या दुकानात आला. हात स्वच्छ धुतलेले, साबणाचा वास येत होता. म्हणाला, मी त्याला आज अर्धाच मेसेज पाठवला, मुद्दाम. मी म्हटलं, म्हणजे काय केलंस? त्याने दाखवलं. बोटाने टाइप केलं होतं स्वतः, "मिथुन मला तुला सांगायचं होतं की". तिथेच सोडून दिलं होतं.

मी म्हटलं, आणि हे कशासाठी?

तो म्हणाला, "लहान व्हता तवा मी बोलता बोलता थांबलो का तो माझी हनुवटी धरून म्हणायचा, आबा, तू पुढं बोल ना. म्हटलं, आताबी म्हणंल."

तेवढ्यात फोन वाजला. चष्मा त्याच्या कपाळावर होता, त्याने तो खाली घेतला नाही. फोन माझ्या हातात दिला आणि वाच म्हणाला. मी आधी मनात वाचलं. मग खोटं वाचावं का असं क्षणभर वाटलं, एक शब्द तर बदलायचा होता. पण त्याने नंतर स्वतः बघितलंच असतं.

मी वाचलं, "तुमचा मेसेज अर्धाच आला आहे. तुम्हाला काही हवं आहे का? सांगा, लगेच पाठवतो."

राघोदादाने मान हलवली. "बघ," तो म्हणाला, "किती काळजीनं लिवतो." मग चष्मा खाली ओढला, फोन घेतला, आणि बराच वेळ एकेक अक्षर शोधत बसला. लूम चालू होते, त्या आवाजात मला त्याचं नाक ओढणं ऐकू आलं नाही, नुसतं दिसलं. पाठवून झाल्यावर फोन माझ्या मशीनवर ठेवून तो दुकान उघडायला गेला.

मी बघितलं. लिहिलं होतं, "काही नाही. चुकून गेला."